अंगावर पाजणाऱ्या मातेचे वजन : काय तोडावे आणि काय तोडू नये

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षक-शिक्षिकांसमोर दिलेले व्याख्यान)



अंगावर पाजले म्हणजे बाळंतपणात वाढलेले वजन आपोआप उतरते, असा समज आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. हा समज अगदीच खोटा नाही. परंतु तो अर्धाच खरा आहे. कित्येक मातांचे वजन दूध पाजत असतानाही महिनोन्महिने एका जागी स्थिर राहते. मग शेजारणीचे वजन उतरले, आपले का उतरत नाही, अशी रुखरुख लागते. आणि तिच्या भरात माता एखादे जेवण तोडते, दूध बंद करते, उपास धरते. वजन हळू उतरणे हा बहुधा दोष नसतो. खरा दोष चुकीची वस्तू तोडण्यात असतो. म्हणून वजन कोठून येते, कोठे जाते आणि ताटातील कोणत्या पदार्थाला हात लावू नये, याचा हिशेब नीट मांडून पाहणे इष्ट ठरेल.

अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण घेऊ. एका प्राथमिक शिक्षिकेची उंची १५० सेंटिमीटर आहे. गर्भारपणाआधी तिचे वजन ५६ किलो होते आणि नऊ महिने भरले तेव्हा ते ६८ किलो झाले. प्रसूतीनंतर आठव्या दिवशी काट्यावर ६२ किलो भरले. सव्वा महिना झाला तेव्हा ६० किलो. माहेरची मंडळी म्हणाली, "बघता बघता उतरेल सारे." परंतु तीन महिने पूर्ण झाले त्या दिवशीही काटा ६० वरच होता. तिच्या जावेला तिच्याच मागेपुढे मूल झाले होते, आणि तिचे वजन मात्र तीन किलोंनी उतरले होते. शिक्षिकेला वाटले, आपल्या शरीरातच काही बिघाड असावा.

प्रथम पहिल्या आठ किलोंचा विचार करू. ते इतक्या झटपट का गेले? प्रसूतीच्या दिवशी गेले ते बाळाचे सुमारे तीन किलो, वारेचा अर्धा किलो, गर्भजल आणि रक्त. पुढील काही दिवसांत शरीरात साठलेले जादा पाणी लघवीवाटे व घामावाटे निघून गेले. प्रसूतीनंतर सुमारे एक किलो भरणारे गर्भाशय सहा आठवड्यांत आकसत शंभर ग्रॅमच्या आत येते. तेव्हा सव्वा महिन्यात उतरलेल्या वजनात चरबीचा भाग फारच थोडा असतो. चरबीचे वजन उतरण्यास त्यानंतर प्रारंभ होतो, आणि ते स्वभावतःच सावकाश उतरते. दूध पाजणाऱ्या निरोगी मातेचे वजन पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला साधारणपणे अर्धा ते एक किलो उतरते. काहींचे मुळीच उतरत नाही, तर थोड्या मातांचे वाढतेही. पहिल्या सव्वा महिन्याच्या वेगाशी तुलना केली, तर पुढील सर्व काळ निराशेचाच वाटणार.

आता दुधाचा हिशेब पाहू. पहिल्या सहा महिन्यांत केवळ अंगावर असणारे मूल दिवसाला सुमारे ७५० मिलिलिटर दूध पिते. मातेच्या दुधात दर १०० मिलिलिटरला ६५ ते ७० उष्मांक असतात. म्हणजे दुधावाटे रोज सुमारे ५०० उष्मांक बाहेर जातात. शिवाय दूध तयार करण्याच्या कामातही शरीराची शक्ती खर्च होते. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत पहिल्या सहा महिन्यांसाठी मातेला नेहमीच्या आहारापेक्षा रोज ६०० उष्मांक अधिक आणि पुढील सहा महिन्यांसाठी ५२० उष्मांक अधिक सांगितले आहेत.

हे ६०० उष्मांक बाहेर जात असतील, तर शिक्षिकेचे वजन का उतरले नाही? उत्तर तिच्या माहेरच्या स्वयंपाकघरात सापडते. तिला रोज डिंकाचे दोन लाडू मिळत होते. तूप, सुके खोबरे, खारीक व गूळ घातलेला मध्यम आकाराचा एक लाडू सुमारे २०० उष्मांकांचा होतो. दोन लाडवांचे ४०० झाले. अळिवाची एक वाटी खीर सुमारे १५० उष्मांकांची, आणि भातावर वाढलेले जादा चमचाभर तूप ४५ उष्मांकांचे. बेरीज ५९५. म्हणजे एका दाराने ६०० उष्मांक गेले आणि दुसऱ्या दाराने ५९५ आले. काटा हलणार तरी कसा? यात कोणाचाही अपराध नाही. बाळंतिणीला पौष्टिक खाऊ घालावे ही रीत जुन्या काळी घडली, तेव्हा बहुतेक स्त्रिया अर्धपोटी असत आणि सव्वा महिन्यानंतर थेट जात्यावर, पाणवठ्यावर व शेतावर जात. लाडू तेच राहिले. कष्ट मात्र पुष्कळच घटले.

हिशेबाला आणखी दोन अंगे आहेत. एक म्हणजे हालचाल. शाळेत दिवसभर उभी राहणारी आणि रोज दोन मैल चालणारी शिक्षिका रजेत बहुतांश वेळ बसून वा पडून असते. तिचा नेहमीचा खर्चच घटलेला असतो. दुसरे अंग भुकेचे. दूध निर्माण करणारा प्रोलॅक्टिन हा अंतःस्राव भूकही वाढवतो. त्यात रात्री तीनतीन वेळा उठावे लागले, तर तुटलेल्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी गोड व तेलकट खाण्याची ओढ वाढते. ही इच्छाशक्तीची दुर्बलता नव्हे. तो शरीराचा धर्म आहे.

जावेची गोष्ट निराळी का, तेही पाहिले पाहिजे. तिला गर्भारपणात मुळात कमी वजन चढले होते. ती दुसऱ्या महिन्यापासून गोठ्यातील कामाला लागली होती. तिचे मूल केवळ अंगावर होते. उलट शिक्षिकेचे मूल "पोट भरत नाही" या शंकेने दिवसातून एकदोनदा वरच्या दुधावर होते, त्यामुळे तिचे स्वतःचे दूध कमी खर्च होत होते. एवढे सर्व समान केले, तरीही दोन स्त्रियांच्या उतरण्यात फरक राहतोच. म्हणून दुसरीच्या काट्यावरून आपला दोष ठरवू नये.

आता मुख्य मुद्दा. शिक्षिकेने तीन महिन्यांनंतर काय केले? सकाळचा पेलाभर दूध बंद केले, कारण दुधाने अंग सुटते असे तिने ऐकले होते. रात्रीचे जेवण, म्हणजे दोन भाकरी, आमटी व भाजी, तोडले. डिंकाचे लाडू मात्र चालू ठेवले, कारण ते "औषधी" मानले जातात आणि आईने प्रेमाने पाठवलेले होते. दुधाचे सुमारे १६०, दोन भाकरींचे ४००, आमटी-भाजीचे २०० मिळून ७६० उष्मांक कमी झाले. ती आधी सुमारे २,४०० उष्मांक घेत होती; ते आता १,६५० च्याही खाली आले.

पंधरा दिवसांत वजन सव्वा किलो उतरले आणि तिला आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात त्यातील अर्धे परत आले. कारण एकदम आहार तोडला म्हणजे प्रथम शरीरातील साखरेचा साठा आणि त्याच्याबरोबर बांधलेले पाणी जाते. आहार जरा पूर्ववत होताच ते परत येते. दुपारी चारच्या सुमारास तिचे हातपाय गळून जात. मग चहा व बिस्किटे होत. डोके दुखे, केस मूठभर गळत, चिडचिड होई. केस गळण्याविषयी एक सांगितले पाहिजे : प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणे पुष्कळ मातांत स्वाभाविक असते, परंतु प्रथिने व लोह तोडल्यास त्यात भर पडते.

मूल मात्र पूर्वीप्रमाणेच पीत होते. हे पाहून तिला वाटले, दुधावर परिणाम नाही, म्हणजे सर्व ठीक आहे. येथेच मोठा गैरसमज दडलेला आहे. माता थोडी उपाशी राहिली, तर दूध लगेच आटत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात केनेबा नावाचे खेडे आहे. तेथील माता अत्यंत अपुऱ्या आहारावरही मुलांना पाजत असत. १९८० च्या सुमारास संशोधकांनी त्यांना रोज पूरक आहार दिला, तेव्हा दुधाचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही; पूरक अन्नाचा लाभ मुख्यतः मातांच्या स्वतःच्या शरीरास झाला. याचा अर्थ असा की, शरीर दुधाला अग्रक्रम देते आणि तुटवडा स्वतःच्या अंगावर घेते. दूध चालू आहे एवढ्यावरून मातेचे ठीक चालले आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि आहार फारच खाली, म्हणजे दीड हजार उष्मांकांच्याही खाली गेला, तर दूधही घटू शकते. म्हणून दूध पाजणाऱ्या मातेने सर्वसाधारणपणे १,८०० उष्मांकांच्या खाली उतरू नये.

दुधाचे प्रमाण टिकले, तरी त्यातील सर्व द्रव्ये टिकतात असे नाही. चुना व लोह ही दोन द्रव्ये मातेच्या आहारात कमी पडली, तरी दुधात त्यांचे प्रमाण फारसे बदलत नाही. दुधावाटे रोज सुमारे २०० मिलिग्रॅम चुना जातो. स्तनपानाच्या काळात मातेच्या हाडांतील चुना काही टक्क्यांनी तात्पुरता कमी होतो आणि पाजणे थांबल्यावर निरोगी मातेत तो भरून येतो. परंतु ब-१२ जीवनसत्त्व, ब-१ जीवनसत्त्व व आयोडीन यांची गोष्ट वेगळी आहे. ही द्रव्ये मातेच्या आहारात कमी झाली, की दुधातही कमी होतात आणि मूल त्यांना मुकते.

यांपैकी ब-१२ कडे आपल्या भागात विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण शाकाहारी कुटुंबांत ते जवळजवळ केवळ दूध, दही व ताक यांवाटेच मिळते. वनस्पतिजन्य अन्नात ते नसते, आणि तुपातही नसते. कारण तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश. माता शाकाहारी असून तिने दूध-दही तोडले, तर मुलाची वाढ मंदावते. सहाव्या महिन्यानंतर ते मलूल होते, हसणे कमी करते, बसू लागलेले मूल बसणे विसरते, कातडी काळवंडते, काहींच्या हातापायांना कंप सुटतो. ही लक्षणे वेळेवर ओळखून उपचार केल्यास मूल सुधारते. उशीर झाल्यास मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम राहू शकतो. आता शिक्षिकेच्या ताटाकडे पुन्हा पाहा : तिने दूध तोडले आणि तूप-गूळ ठेवला. नेमके उलट करावयास हवे होते.

म्हणून कोणत्या गोष्टी तोडू नयेत, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, दूध, दही व ताक. दिवसाला दोन पेले दूध किंवा तितक्याच दुधाचे दही असावे. एका पेल्यात, म्हणजे २५० मिलिलिटर गाईच्या दुधात, सुमारे ३०० मिलिग्रॅम चुना मिळतो. वजन उतरवायचे असेल, तर साय काढावी, साखर घालू नये. दूध मात्र सोडू नये. ज्यांना दूध परवडत नाही वा पचत नाही, त्यांनी नाचणीची भाकरी वा आंबील आणि तीळ यांवर भर द्यावा. परंतु यांतून ब-१२ मिळत नाही, म्हणून त्याविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. अंडी, मासे खाणाऱ्या घरांत ही अडचण कमी असते.

दुसरी गोष्ट, डाळी, उसळी आणि पालेभाज्या. बाळंतिणीला मूग सोडून इतर डाळी "वातूळ", फळे "थंड" आणि पालेभाज्या मुलाला बाधतात, अशा समजुतीने पुष्कळ घरांत ताट आधीच आकसलेले असते. त्यावर वजनाच्या काळजीने उरलेली आमटीही गेली, तर प्रथिने येणार कोठून? पहिल्या सहा महिन्यांत मातेला नेहमीपेक्षा सुमारे १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. दोन वाट्या घट्ट वरण वा उसळ आणि एक पेला दूध यांतून ती सहज भरून निघतात. मेथी, शेपू, चवळई या भाज्या पोट भरतात आणि उष्मांक थोडे देतात; वजन उतरवणाऱ्या मातेस यांहून सोयीचे अन्न नाही.

तिसरी गोष्ट, आयोडीनयुक्त मीठ. मीठ बंद केले की शरीरातील पाणी उतरून वजन घटल्यासारखे दिसते. चरबी तशीच राहते. काही ठिकाणी साध्या मिठाऐवजी सैंधव वापरण्याची टूम निघाली आहे. सैंधवात आयोडीन नगण्य असते. मुलाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे आयोडीन या वयात दुधातूनच मिळते. मीठ बेतानेच खावे, परंतु ते आयोडीनयुक्त असावे.

चौथी गोष्ट, गोळ्या. शासकीय आरोग्य केंद्रातून प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक लोह व फॉलिक ॲसिडची गोळी आणि सहा महिने रोज दोन चुन्याच्या गोळ्या देण्याची योजना आहे. या गोळ्यांनी वजन वाढते अशी समजूत आढळते. ती निराधार आहे. गोळीत वजन वाढवणारे उष्मांक नसतात. लोहाची व चुन्याची गोळी एकाच वेळी घेऊ नये. काही तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये.

पाचवी गोष्ट, पाणी आणि रात्रीचे पाजणे. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची रीत काही घरांत अद्याप आहे. तहान लागेल तितके पाणी घ्यावे. मुद्दाम घागरभर पिऊनही दूध वाढत नाही. रात्रीचे पाजणे झोपेसाठी तोडून त्या वेळी बाटली दिली, तर दूध हळूहळू कमी होते, कारण स्तन जितके रिकामे होतात तितकेच दूध पुन्हा तयार होते आणि रात्री प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असते. झोप दिवसा मूल निजले असता भरून काढावी. त्या वेळी घरकाम दुसऱ्याने उचलावे.

मग तोडावे ते काय? शिक्षिकेच्या बाबतीत पुढील बदल करण्यात आले. दोन लाडवांऐवजी एक, म्हणजे २०० उष्मांक कमी. भातावरचे जादा चमचाभर तूप बंद, ४५ कमी. दिवसाच्या चार कप चहात दोन-दोन चमचे साखर होती, ती एकेक चमचा केली, ८० कमी. एकूण ३२५. रात्रीच्या दोन भाकरी, आमटी व भाजी परत ताटात आली. पेलाभर दूध परत आले, साय काढून. अळिवाची खीर राहिली, गूळ निम्मा झाला. वरचे दूध टप्प्याटप्प्याने थांबवून मूल पूर्णपणे अंगावर आले. सकाळी व सायंकाळी प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटे चालणे सुरू झाले. आहार सुमारे २,१०० उष्मांकांवर स्थिरावला. १,८०० ची मर्यादा कोठेही ओलांडली गेली नाही.

कागदावर हिशेब केला, तर रोजचे ३२५ म्हणजे महिन्याचे ९,७५० उष्मांक होतात. शरीरातील एक किलो साठा सुमारे साडेसहा हजार उष्मांकांचा धरला, तर महिन्याला दीड किलो उतरावयास हवे. प्रत्यक्षात इतके क्वचितच उतरते. सणवार येतात, भूक वाढते, शरीरही कमी अन्नात काटकसर करू लागते. महिन्याला पाऊण ते एक किलो उतरले, तर हिशेब बरोबर चालला आहे असे समजावे. शिक्षिकेचे वजन पाचव्या महिन्याच्या अखेरीस साडेअठ्ठावन्न आणि १८० दिवसांची प्रसूती रजा संपली तेव्हा साडेसत्तावन्न किलोंवर आले. गर्भारपणाआधीपेक्षा दीड किलो अधिक. परंतु तिची दुपारची ग्लानी गेली होती आणि मुलाचे वजन अंगणवाडीच्या तक्त्यावर नियमित वर चढत होते.

अशा बेताच्या उतरण्याने मुलास अपाय होतो काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात यावर एक अभ्यास झाला व तो २००० साली प्रसिद्ध झाला. अंगावर पाजणाऱ्या, वजन जास्त असलेल्या चाळीस मातांपैकी काहींनी प्रसूतीनंतर चौथ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत रोज ५०० उष्मांक कमी घेतले व नियमित व्यायाम केला. त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरले, आणि त्यांच्या मुलांची वाढ इतर मातांच्या मुलांइतकीच झाली. परंतु एक गोष्ट विसरू नये : त्या माता सुपोषित होत्या. हा निष्कर्ष कृश मातेला लावता येत नाही. आठवड्याला अर्धा किलो ही वरची मर्यादा समजावी, आणि सव्वा महिना होईपर्यंत मुद्दाम वजन उतरवण्याचा विचारही करू नये.

कृश मातेविषयी दोन शब्द अधिक सांगणे अवश्य आहे. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ४२ किलोंपेक्षा कमी असेल, तर ती कृश समजावी. अशा मातेचे वजन उतरणे हे यश नसून धोक्याची सूचना आहे. तिचे दोन्ही लाडू, तूप व खीर चालू राहिलीच पाहिजेत. खेड्यांत शेतमजुरीला जाणाऱ्या पुष्कळ माता या वर्गात येतात. एका घरातील लेकीला जे लाडू जास्त होतात, तेच शेजारच्या घरातील सुनेला कमी पडतात. सल्ला देण्याआधी कोणती माता समोर आहे, हे पाहिले पाहिजे.

उपासाचाही विचार येथेच करू. चतुर्थी, गुरुवार, एकादशी असे उपास वजन उतरेल या आशेने वाढवले जातात. उपासाला साबुदाण्याची खिचडी व वेफर्स खाल्ले, तर पिष्ट व तेल भरपूर मिळते, प्रथिने मात्र फारच थोडी. दिवसभर निर्जळी राहून रात्री एकदम जेवणे तर पाजणाऱ्या मातेस सर्वस्वी अयोग्य. श्रद्धेने उपास करावयाचाच असेल, तर दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा व फळे घ्यावीत. वजन उतरवणारी चूर्णे, चहा व गोळ्या यांपासून तर दूरच राहावे. त्यांतील द्रव्ये दुधातून मुलाकडे जाऊ शकतात.

सर्व चालू असताना ठीक चालले आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? मुलाच्या बाबतीत दोन खुणा पुरेशा आहेत. पहिल्या आठवड्यानंतर केवळ अंगावर असलेल्या मुलाने चोवीस तासांत सहा वा अधिक वेळा फिकट लघवी केली पाहिजे; आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याचे वजन दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅमने, पुढे त्याहून काहीसे कमी गतीने वाढले पाहिजे. अंगणवाडीत दरमहा वजन करून माता व बाल संरक्षण कार्डावरील रेषा पाहावी. रेषा आडवी झाली, तर मातेने आहार कमी करणे त्याच दिवशी थांबवावे आणि मुलाला डॉक्टरांना दाखवावे.

मातेच्या बाबतीत, आहार बेताचा असूनही वजन वाढतच असेल आणि त्याबरोबर थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कातडी कोरडी पडणे व सतत सुस्ती असेल, तर कंठग्रंथी म्हणजे थायरॉईड मंदावली असण्याचा संभव असतो. उलट काही न करता वजन झरझर उतरत असेल, छातीत धडधड व हातांना कंप असेल, तर हीच ग्रंथी अतिक्रियाशील झालेली असू शकते. प्रसूतीनंतरच्या वर्षात या ग्रंथीचे विकार उद्भवतात आणि साध्या रक्ततपासणीत कळतात. मन सतत उदास राहणे, मुलात लक्ष न लागणे, अन्न नकोसे होणे किंवा अनावर खाणे, ही लक्षणे दोन आठवडे टिकली, तर त्यांना "बाळंतवेड" म्हणून न हिणवता वैद्यकीय मदत घ्यावी.

शेवटी, रजा संपून शाळेत परतणाऱ्या शिक्षिकेसाठी एक सूचना. सहा महिन्यांनंतर मूल वरचे अन्न घेऊ लागते आणि दूध क्रमाने कमी पिते. दुधाचा खर्च घटतो. पण लाडू पूर्वीइतकेच चालू राहिले, तर स्थिर असलेले वजन याच काळात चढू लागते. म्हणून लाडू हळूहळू थांबवावेत. परंतु मधल्या सुट्टीतील डबा मात्र चुकवू नये. भाकरी, उसळ, भाजी आणि बाटलीभर ताक असा डबा असावा. डबा चुकवून पाच वाजता घरी पोहोचलेली माता प्रथम चहा-बिस्किटांचा आधार घेते आणि मग त्याच अवस्थेत मुलाला जवळ घेते. डबा नीट खाल्ला, तर सायंकाळच्या फराळाचा मोह आपोआप मोडतो, आणि महिन्याचा हिशेबही बिघडत नाही.